वीस तारखेचा प्रश्न

वहिनीने २०१३ मध्ये चाकणच्या एका कारखान्यातली अकाउंट्सची नोकरी सोडली. आधी मुलगी लहान होती, नंतर माझ्या आईचं आजारपण आलं. यात अकरा वर्षं गेली. २०२४ मध्ये तिने पुन्हा अर्ज केले, तेव्हा पहिल्याच मुलाखतीत विचारलं गेलं, "इतकी वर्षं काय करत होतात?" शेवटी तिच्यापुढे बिलं टाइप करण्याचं काम ठेवलं गेलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "भावजी, मला येतं ते सगळंच शिळं झालं का हो?"

शिळं बरंच झालं होतं. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि एक्साइज, सर्व्हिस टॅक्स, व्हॅट यांची विवरणपत्रं तिच्या क्षेत्रातून जवळपास हद्दपार झाली. पण व्हॅटच्या काळात ती नेमकं काय करायची, हे मी तिला सविस्तर सांगायला लावलं. तेव्हा परिशिष्टं असत: जे-१ मध्ये कोणाला किती विकलं, जे-२ मध्ये कोणाकडून किती घेतलं. आपल्या जे-२ मधली खरेदी पुरवठादाराच्या जे-१ मध्ये दिसली नाही की सेटऑफ अडकायचा आणि नोटीस यायची. मग वहिनी फोन घेऊन बसायची. कोणी बिल पुढच्या महिन्यात दाखवलेलं असायचं, कोणी टिन नंबरातला एक आकडा चुकवलेला, तर कोणी कर भरलेलाच नसायचा. हे तीन प्रकार वेगळे ओळखणं आणि तिसऱ्याचे पैसे वेळीच रोखून धरणं, ही तिची खरी कारागिरी होती.

आज हेच काम जीएसटीआर-२बी नावाने चालतं. हे विवरण दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तयार होतं. ते खरेदी नोंदवहीशी जुळवायचं आणि २० तारखेपर्यंत ३बी भरायचं. सेटऑफला आता आयटीसी म्हणतात, टिनच्या जागी जीएसटीआयएन आला. पोर्टल आणि एक्सेलमधली जुळवणी काही आठवड्यांत शिकता येते. पुरवठादार टोलवाटोलवी करतोय हे फोनवरच्या आवाजावरून ओळखायला मात्र वर्षं लागतात.

म्हणून परतणाऱ्याने जुनं पद शोधू नये आणि मिळेल त्या पायरीवरही बसू नये, असं मला वाटतं. आपल्या कामाचे तीन ढीग करावेत: रद्द झालेलं, नाव बदललेलं आणि जसंच्या तसं उरलेलं. मधल्या ढिगात योग्य जागा सापडते. वहिनीने अर्जातलं "आठ वर्षांचा लेखा अनुभव" हे वाक्य खोडलं, "पुरवठादारांची बिलं जुळवणे आणि अडकलेला कर सोडवणे" असं लिहिलं आणि खंडाची वर्षं एका ओळीत, सबब न देता नोंदवली.

अशा परतणाऱ्यांसाठी कंपन्यांच्या खास योजनाही असतात. २००८ मध्ये गोल्डमन सॅक्सने अमेरिकेत 'रिटर्नशिप' सुरू केली. त्याच वर्षी टाटा समूहाने स्त्रियांसाठी सेकंड करिअर इंटर्नशिप आणली. तिचा साचा साधारण सहा महिन्यांत पाचशे तासांच्या प्रकल्पाचा. अशा योजनेत खंड हा दोष नसून प्रवेशाची अट असते. अर्ज चाळणीतच गळत नाही आणि मुलाखतीत जे सांगून पटत नाही ते करून दाखवायला वेळ मिळतो. पुढे कायम नोकरी मिळेलच असं मात्र नाही.

पण मला खरी मेख त्या तासांच्या हिशेबात दिसते. सहा महिने म्हणजे सव्वीस आठवडे. पाचशे तासांना सव्वीसने भागलं की आठवड्याला एकोणीस-वीस तास येतात. पुढची कायम नोकरी सहसा त्याच्या दुपटीहून मोठी. म्हणजे या काळात तुमच्या कौशल्याची परीक्षा होते, पण घराची होतच नाही. प्रकल्प छान पार पडतो आणि कायम झाल्यावर तिसऱ्या महिन्यात राजीनामा येतो. मग "बायका टिकत नाहीत" असा निष्कर्ष निघतो. म्हणून रुजू होण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: मागच्या तुकडीतले किती जण कायम झाले, कायम करताना पद आणि पगार कोणत्या अनुभवावर ठरतो आणि कामाचे सर्वांत वाईट दिवस कोणते.

वहिनीला अशीच एक अर्धवेळ योजना मिळाली. मुलाखतीच्या शेवटी तिने विचारलं, "वीस तारखेला तुमची माणसं किती वाजता घरी जातात?" समोरचे गृहस्थ हसले आणि म्हणाले, "नऊ. कधी दहा." अकरा वर्षांपूर्वीही उत्तर हेच होतं. तिने होकार द्यायला दोन दिवस मागून घेतले. घरी येऊन कॅलेंडर काढलं, १४ ते २० या तारखांवर लाल रेघ मारली आणि ते दादासमोर ठेवलं.