पोपट आणि निरोप

बिरबलाची गोष्ट आठवते ना? बादशहाचा लाडका पोपट मेला, पण ते सांगायचं कसं? मग बिरबल म्हणतो, पोपट खात नाही, पीत नाही, डोळे उघडत नाही!

६ डिसेंबर १९८९ रोजी लंडनच्या एका सभागृहात असंच काहीसं घडलं. मॉण्टी पायथन या विनोदी चमूतले ग्रॅहम चॅपमन ४८व्या वर्षी कर्करोगानं गेले होते. त्यांच्या स्मरणसभेत मित्र जॉन क्लीज बोलायला उभे राहिले. दोघांनी मिळून मेलेल्या पोपटाचं प्रहसन लिहिलं होतं. त्यात ‘मेला’ याला एकामागून एक दुसरे शब्द येतात. गंभीर चेहऱ्यानं क्लीज यांनी तीच यादी मित्रासाठी वाचायला सुरुवात केली. सभागृह हसू लागलं.

पुढे त्यांनी भर सभेत एक शिवी हासडली. तुम्हाला दचकवायची संधी सोडली असती, तर ग्रॅहमनं मला माफ केलं नसतं, अशा अर्थाचं ते बोलले. मला हे फार मोलाचं वाटतं. तो विनोद गेलेल्या माणसाच्याच स्वभावातला होता, म्हणून तो कुणाला बोचला नाही. तोच दुसऱ्या कुणाच्या सभेत केला असता, तर लोकांनी माना खाली घातल्या असत्या.

शेवटी त्याच चमूतले एरिक आयडल यांनी आपलं गमतीदार गाणं सुरू केलं, गाता गाता त्यांचा गळा दाटला, आणि सगळं सभागृह त्यांच्याबरोबर गाऊ लागलं.