बाजीरावाचा दोष किती?

‘मराठी सत्तेचा अस्त मुख्यतः दुसऱ्या बाजीरावाच्या नाकर्तेपणामुळे झाला. या विधानाशी आपण कितपत सहमत आहात?’ पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या कुठल्याही अभ्यासिकेत या धर्तीचा प्रश्न सरावाला असतो. उत्तरेही बहुतेक एकाच साच्याची येतात. दोन परिच्छेद बाजीरावाच्या दोषांवर, दोन परिच्छेद ‘इतर कारणां’वर आणि शेवटी ‘म्हणून मी या विधानाशी काही अंशी सहमत आहे’. माहिती बरोबर असते, सनावळी चुकत नाही, तरी ते उत्तर होत नाही.

ते उत्तर का होत नाही, हे तपासण्याची एक साधी रीत आहे. शेवटचे वाक्य उलटे करून पाहावे. ‘काही अंशी’च्या जागी ‘बऱ्याच अंशी’ किंवा ‘अजिबात नाही’ लिहिले आणि वरचा मजकूर जराही न बदलता तसाच चालला, तर त्या मजकुराने काही ठरवलेच नव्हते. निकाल शेवटी चिकटवलेला होता. ‘कितपत’ विचारणाऱ्याला दोन्ही बाजूंची यादी नको असते. कोणती बाजू जड आणि ती कशामुळे जड, हे त्याला हवे असते.

त्यासाठी आधी विधानाची फोड करावी लागते. अस्त म्हणजे नेमके काय? ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्याचे स्वातंत्र्य गेले, तो अस्त? की ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि गादीच संपली, तो? या दोन घटनांमधली पंधरा वर्षे विसरली की उत्तर धूसर होते, कारण बाजीरावाचा वाटा दोन्हीकडे सारखा नाही.

१८०२ पुरते पाहिले तर विधानाला भक्कम आधार आहे. एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी देऊन मारले. विठोजीने पेशव्याच्या मुलखात लूट चालवली होती, तेव्हा शिक्षा होणारच होती. पण इतकी क्रूर आणि अपमानकारक शिक्षा यशवंतराव होळकराच्या भावाला देणे हा राजकीय आंधळेपणा होता. पुढच्या वर्षी यशवंतराव पुण्यावर चालून आला, २५ ऑक्टोबरला हडपसरजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या फौजा हरल्या, बाजीराव कोकणात पळाला आणि वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला. तिथल्या तहात किमान सहा हजार तैनाती पायदळ, त्यांच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी वाटाघाटी न करण्याची अट आली. या साखळीतला प्रत्येक दुवा बाजीरावाच्या निर्णयाला जोडता येतो. इथे ‘मुख्यतः’ बरेचसे टिकते.

आता उलट पुरावा. तो निवडतानाही काळजी लागते. ‘सरदारांत एकी नव्हती’ हे वाक्य पुरावा नाही, ते नुसते मत आहे. पुरावा असा : १७९३ मध्ये लाखेरीला शिंदे आणि होळकर यांच्या फौजा एकमेकांशी लढल्या. तेव्हा बाजीराव पेशवा नव्हता, त्याला कोणी विचारतही नव्हते. हडपसरला जे भांडण पुण्याच्या दारात आले, ते उत्तरेत आधीच रक्त सांडून बसले होते. तसेच इंग्रजांकडे धाव घेण्याचे. १७७५ मध्ये राघोबाने सुरतेत त्यांच्याशी तह केला, तेव्हा बाजीराव काही आठवड्यांचे तान्हे मूल होते. गादीच्या भांडणात परक्याला ओढण्याची वाट त्याने पाडली नाही. निजामाने १७९८ मध्ये तैनाती फौज पत्करली. तिथे तर बाजीराव नव्हताच.

बहुतेक विद्यार्थी इथे थांबतात, आणि खरे वजन करण्याची जागा नेमकी इथून पुढे असते. दुहीचा दोष जर रचनेचाच होता, तर ११ मार्च १७९५ ला खर्ड्यावर शिंदे, होळकर, भोसले एका झेंड्याखाली कसे लढले? लाखेरीला दोन वर्षेही पुरती झाली नव्हती. म्हणजे ती रचना ढिली होती, पण पुण्यात नाना फडणीसांसारखा माणूस असला तर ती धरून ठेवता येत होती. या एका उदाहरणाने पारडे पुन्हा बाजीरावाच्या दोषाकडे कलते. पण किती? खर्ड्याला समोर निजाम होता, कंपनी तटस्थ राहिली होती. पगारी कवायती पायदळ, बंगालचा महसूल आणि वेलेस्लीसारखा विस्तारवादी गव्हर्नर जनरल समोर असताना ती एकी किती टिकली असती, हे खर्डा सांगत नाही. १८०३ मध्ये शिंद्यांच्या कवायती फौजेतले बरेच युरोपीय अधिकारी ऐन युद्धात बाजूला झाले. पेराँ स्वतः इंग्रजांकडे गेला. त्या फौजेचा कणाच परक्यांच्या हाती होता, आणि तो बाजीरावाने तसा ठेवला नव्हता.

वजन करताना मला सर्वांत उपयोगी वाटतो तो प्रश्न असा : या माणसाच्या जागी त्या वेळी खरोखर उपलब्ध असलेला दुसरा माणूस बसवला, तर काय बदलते? काल्पनिक थोरला माधवराव आणून बसवण्यात अर्थ नाही. १८०२ मध्ये पर्याय होता अमृतराव, बाजीरावाचा दत्तक भाऊ. यशवंतरावाने पुणे घेतल्यावर त्याच्याच हाती कारभार आला. १८०३ मध्ये आर्थर वेलेस्ली पुण्याकडे निघताच अमृतराव शहर सोडून गेला आणि पुढे त्याने कंपनीची नेमणूक घेतली. पर्यायही त्याच वाटेने जात असेल, तर वाटेचा उतार माणसापेक्षा मोठा मानावा लागतो.

आता अस्ताचा दुसरा अर्थ, त्यासाठी १८१७ पाहू. त्या वर्षी बाजीराव इंग्रजांविरुद्ध उठला. म्हणजे ‘नाकर्तेपणा’ हा आरोप तेव्हा जसाच्या तसा लागू पडत नाही. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. त्याच तारखेला ग्वाल्हेरीत दौलतराव शिंद्याने इंग्रजांच्या तहाला मान्यता दिली. भोसले त्याच महिन्यात सीताबर्डीला आणि होळकर डिसेंबरात महिदपूरला हरले. १८०३ नंतर सगळ्यांचेच बळ कापले गेले होते, आणि पुण्यात कोणीही पेशवा असता तरी ते परत आणता आले नसते.

आणखी एक गोष्ट वजनात धरली पाहिजे. भित्रा, विलासी, कपटी बाजीराव हे चित्र आपल्यापर्यंत पोचवण्यात कंपनीच्या अधिकाऱ्यांचा मोठा हात आहे. एल्फिन्स्टन पुण्याचा रेसिडेंट होता. १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापणारा ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट होता. राज्य घेणाऱ्यांना राजा नालायक असण्याची गरज होती. म्हणून चित्र खोटे ठरत नाही, विठोजीचा वध घडलाच होता. पण स्वभावाची वर्णने आणि घडलेले निर्णय यांना एकच वजन देऊ नये, निर्णयांवर जास्त विसंबावे.

इतके केल्यावर उत्तराचे पहिलेच वाक्य लिहिता येते, आणि ते पहिलेच असावे : अस्त १८०२ मध्ये आणि वसईच्या तहाच्या रूपाने सुरू झाला, यात बाजीरावाचा वाटा निर्णायक होता, अस्त झाला यात मात्र तो दुय्यम होता, म्हणून विधानातला ‘मुख्यतः’ मला मान्य नाही. पुढचा प्रत्येक परिच्छेद या वाक्याच्या एकेका भागाला बांधलेला हवा. लाखेरी दुसऱ्या भागासाठी, विठोजी पहिल्यासाठी, आणि खर्डा दोन्हींच्या मधोमध, कारण तोच या निकालाला सर्वांत जास्त अडचणीत आणतो. परीक्षेच्या घाईत खर्डा गाळायचा मोह होतो. तो गाळलेले उत्तर नीटनेटके दिसते, पण जाणता वाचक पहिल्यांदा तोच शोधतो.