धर्माचा रकाना आणि गोदाकाठची माणसं

1931 च्या फेब्रुवारीत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मर्दुमशुमारी झाली. लोकसंख्या भरली सुमारे 1 कोटी 44 लाख. त्या वेळच्या धर्माच्या तक्त्यात हिंदूंची बेरीज एका ओळीत मावली नाही. सुमारे 97 लाख हिंदू एका ओळीत आणि त्याखाली वेगळे, सुमारे 25 लाख ‘आदि-हिंदू’ छापले गेले. गंगाखेडच्या गावकुसाबाहेरची, महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली माणसं या दुसऱ्या ओळीत गेली. त्यांचं रोजचं जगणं तिळभरही बदललं नव्हतं. पाणवठा तोच, कामं तीच, आषाढीला पंढरीची वाट तीच. बदलली होती फक्त सरकारदरबारी त्यांची नोंद. पुढच्या दहा वर्षांच्या राजकारणात मात्र ही नोंद त्यांच्या जगण्याहून भारी ठरली.

गंगाखेड तेव्हा परभणी जिल्ह्यासह निजामाच्या राज्यात होतं, इंग्रजांच्या थेट अमलाखाली नव्हतं. तरी शिरगणती कलकत्ता-दिल्लीच्या घड्याळावर चालायची. 1881 पासून हैदराबादने दर दहा वर्षांनी ब्रिटिश हिंदुस्थानाबरोबरच माणसं मोजली, त्याच नमुन्यातले रकाने वापरले आणि त्याच मालिकेत अहवाल छापले. कामाची रीतही सगळीकडे सारखी होती. आधी घरांवर क्रमांक घालायचे, मग गावातल्या लिहित्या माणसाने घरोघर जाऊन कच्चा तक्ता भरायचा आणि ठरलेल्या एकाच रात्री फिरून तो पडताळायचा, नवे जन्म धरायचे, मृत्यू वगळायचे. धर्माचा रकाना नाव लिहिल्यावर लगेचच यायचा. त्यात एकच उत्तर लिहायचं, आणि ते आधीच ठरलेल्या थोड्या नावांपैकी एखादं असायचं.

खुद्द इंग्लंडमध्ये हा रकाना नव्हता, हे इथे सांगायला हवं. तिथे 1801 पासून शिरगणती होत होती, 1851 मध्ये प्रार्थनास्थळांतल्या हजेरीची एक वेगळी मोजणी झाली. पण घरोघरच्या तक्त्यात माणसाचा धर्म 2001 पर्यंत विचारला गेला नाही. आपल्या देशात जो प्रश्न वादग्रस्त म्हणून टाळला, तोच प्रश्न राज्यकर्त्यांनी इथे प्रत्येक उंबऱ्यावर नेला. हिंदुस्थान म्हणजे धर्मांनी विभागलेल्या समूहांचा देश, ही त्यांची समजूत रकाना आखण्याआधीच पक्की होती. रकान्याने तिला आकडे पुरवले.

गोदाकाठी मात्र माणसांचे व्यवहार या समजुतीत बसत नव्हते. गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी, वारकऱ्यांचं आणि गोदास्नानाचं गाव. परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीच्या आरंभी भरतो आणि नवस फेडायला हिंदूही मोठ्या संख्येने येतात. मराठवाड्यात कित्येक गावांत मोहरमच्या सवाऱ्या हिंदू घरांतली माणसं खांद्यावर घेत आली. शेजारच्या वऱ्हाडात कारभार केलेल्या आल्फ्रेड लायल या अधिकाऱ्याने 1870 च्या दशकातच एका प्रांताच्या धर्मावर निबंध लिहिला. दगड, वीर, पीर, साधू आणि मोठी दैवतं एकाच गावच्या भक्तीत कशी नांदतात, हे त्याने त्यात बारकाईने नोंदवलं. म्हणजे मोजणाऱ्यांना ही सरमिसळ दिसत नव्हती, असं नाही. पण तक्त्यात लिहायला तिच्यासाठी जागा नव्हती.

सगळ्यात मोठी अडचण ‘हिंदू’ या नोंदीची होती. जो मुसलमान, ख्रिस्ती, जैन, शीख, पारशी किंवा वन्य जमातीचा नाही तो हिंदू, असा व्यवहार पहिल्या काही शिरगणत्यांत चालला. 1911 च्या मोजणीच्या तोंडावर शिरगणती आयुक्त ई. ए. गेट यांनी प्रांतिक अधीक्षकांना एक परिपत्रक धाडलं. हिंदू म्हणून नोंदल्या जाणाऱ्या कोणत्या जाती खऱ्या अर्थाने हिंदू म्हणता येत नाहीत हे तपासावं, असं त्यात होतं, आणि त्यासाठी दहा कसोट्या दिल्या होत्या. ब्राह्मणाचं श्रेष्ठत्व नाकारणं, ब्राह्मणाकडून किंवा मान्यताप्राप्त हिंदू गुरूकडून मंत्र न घेणं, वेदांचा अधिकार न मानणं, मोठ्या हिंदू देवांची पूजा न करणं, चांगले ब्राह्मण उपाध्येपणाला न येणं, मुळी ब्राह्मण पुरोहितच नसणं, देवळाच्या आत प्रवेश नसणं, स्पर्शाने विटाळ होणं, मृताला पुरणं, गोमांस खाणं व गाईला पूज्य न मानणं.

या कसोट्या गंगाखेडच्या एका पेठेवर लावून पाहाव्यात. परभणी, नांदेड, लातूर या पट्ट्यात लिंगायत वाणी मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा पुरोहित जंगम, ब्राह्मण नाही. गळ्यात इष्टलिंग. मृताला पुरतात. बसवण्णांच्या परंपरेत वेदप्रामाण्याला मान नाही. गेटसाहेबांच्या निम्म्या कसोट्यांवर हा दुकानदार हिंदू ठरत नाही. पण तो शिवाची पूजा करतो, गाईला मानतो, देवळात जातो, मराठीत रचना करणाऱ्या मन्मथस्वामींच्या समाधीला कपिलधारला यात्रेला जातो. आता गावकुसाबाहेरचा महार घ्यावा. देवळाच्या आत त्याला प्रवेश नाही, त्याचा विटाळ मानतात, मेलेल्या गुराचं मांस त्याच्या वाट्याला येतं. त्याच्यावर बहुतेक सगळ्या कसोट्या उलट पडतात. तरीही तो माळकरी असू शकतो, आणि ज्या चोखोबांची समाधी पंढरीच्या महाद्वाराबाहेर आहे ते त्याच्याच जातीचे. विठ्ठल ‘मोठा हिंदू देव’ असेल, तर त्याच्या पायरीशी थांबवलेल्या माणसाची भक्ती कोणत्या बाजूला मोजायची, याला त्या दहा ओळींत उत्तर नाही.

मध्यप्रांत-वऱ्हाडातून जे उत्तर गेलं, ते गेटना स्वतःलाच अवघड पडलं असावं. तिथे हिंदू म्हणून नोंदलेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा ब्राह्मणांचं श्रेष्ठत्व आणि वेद नाकारत होता, निम्म्याहून अधिक माणसं मान्य गुरूकडून मंत्र घेत नव्हती, एक तृतीयांशांना देऊळ बंद होतं आणि दोन पंचमांश गोमांस खात होते. कसोट्या प्रामाणिकपणे लावल्या असत्या, तर ‘हिंदू’ या ओळीतला मोठा भाग गळून पडला असता. त्याच मोजणीत गुजरातेत आपण धड हिंदू नाही, धड मुसलमान नाही, असं सांगणारे काही समाज मुंबईच्या अधीक्षकाने ‘हिंदू-मुहम्मदन’ म्हणून वेगळे मांडले. गेटना ते पसंत पडलं नाही. अधीक्षकाने त्यांना जमेल तसं एका धर्मात किंवा दुसऱ्या धर्मात घालायला हवं होतं, असं त्यांनी सुनावलं. शिरगणतीने सीमा कशी घट्ट केली याचं इतकं उघड उदाहरण दुसरं सापडणं कठीण. माणसांनी दिलेलं उत्तर खरं होतं, तक्त्याला चालणारं नव्हतं. म्हणून उत्तरालाच वाकवायचं ठरलं.

गेटचं परिपत्रक आकाशातून पडलं नव्हतं. 1906 मध्ये आगाखानांच्या नेतृत्वाखालचं शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉयना भेटलं. खालच्या थरांतल्या ज्यांना हिंदूंत मोजतात ते वगळले तर मुसलमानांचं प्रमाण बरंच मोठं दिसेल, हे त्या निवेदनात होतं. 1909 मध्ये मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. त्याच वर्षी बंगालमध्ये यू. एन. मुखर्जींनी शिरगणतीचे आकडे घेऊन हिंदू हा मरणपंथाला लागलेला समाज असल्याचा गजर केला. एका समाजाचा टक्का म्हणजे त्याच्या जागा, नोकऱ्या आणि भविष्य, हे समीकरण आता रुजलं. गावात शेजारी असलेला माणूस तक्त्यात प्रतिस्पर्धी झाला.

हैदराबादेत या समीकरणाला वेगळी धार होती, कारण इथे राजा मुसलमान आणि रयत मुख्यतः हिंदू. 1931 च्या तक्त्यात मुसलमान सुमारे 15 लाख, म्हणजे शेकड्याला साडेदहाच्या आसपास होते. आदि-हिंदू वेगळे धरले की हिंदूंचा टक्का 84 वरून 67 वर येतो. हे संस्थानी राजकारणाच्या सोयीचं होतं, यात शंका नाही. पण ती ओळ केवळ दरबाराची चाल होती, असं म्हणणं खोटं ठरेल. भाग्यरेड्डी वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मागितली होती. आम्ही या भूमीचे मूळचे लोक, आम्हाला अस्पृश्यांच्या अपमानकारक नावांनी नोंदू नका, ही त्यांची चळवळ 1910-20 च्या दशकांपासून चालली होती. ज्यांना देवळाबाहेर ठेवलं, त्यांनी तक्त्यातही वेगळं राहण्याचा हक्क सांगितला. पुढे बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेताना गेटच्या त्याच कसोट्या पुरावा म्हणून वापरल्या. मोजणाऱ्याने आखलेली रेघ मोजल्या जाणाऱ्यांच्या हातात गेली की तिचा अर्थ पालटतो, आणि हे पालटणं नाकारून शिरगणतीचा इतिहास सांगता येत नाही.

1931 नंतर मात्र दलित वस्त्या दोन्हीकडच्या मोहिमांचं लक्ष्य झाल्या. इत्तेहाद-उल-मुसलमीनचे बहादुर यार जंग यांच्या काळात तबलीगचं काम वाढलं. आर्य समाजाने शुद्धीने उत्तर दिलं. 1938-39 मध्ये आर्य समाजाचा सत्याग्रह मराठवाड्यातही पेटला. 1939 च्या घटनासुधारणांत हिंदू आणि मुसलमान यांना समान जागा देऊ केल्या गेल्या. दहापैकी एक असलेल्या समाजाला निम्म्या जागा मिळणार म्हटल्यावर टक्क्याची भांडणं शमण्याऐवजी भडकली. 1941 च्या मोजणीत संस्थानातल्या मुसलमानांचा वाटा शेकडा बाराच्या पुढे गेला आणि प्रगणकांनी काय लिहिलं, का लिहिलं, यावर संशय घेतला गेला. ज्या गावात शेजाऱ्याच्या पिराला नारळ फुटत होता, तिथे शेजाऱ्याच्या घरात किती डोकी नोंदली गेली, ही चर्चा सुरू झाली.

शिरगणतीने शून्यातून हे घडवलं, असा दावा करण्याची गरज नाही. जातीची भिंत तिच्या कितीतरी आधीची. देवळाचं दार कोणा प्रगणकाने बंद केलं नव्हतं. तिने केलं ते एवढंच की स्थानिक, सैल, गावागणिक वेगळ्या असलेल्या भेदांना देशभर एकच नाव आणि एकच बेरीज दिली. गंगाखेडच्या मुसलमानाला आपण संस्थानात साडेदहा टक्के आहोत हे कळण्याचं दुसरं साधन नव्हतं, आणि गंगाखेडच्या हिंदूला आपण किती उरलो याची काळजी करण्याचंही.

स्वातंत्र्यानंतर रकाना राहिलाच. 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या दीक्षेनंतर 1961 मध्ये महाराष्ट्रात सुमारे 28 लाख बौद्ध नोंदले गेले; त्याआधी ते काही हजारच होते. पण अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती हिंदू आणि शीख यांच्यापुरत्याच होत्या. त्यामुळे दीक्षा घेतलेल्या कुटुंबासमोर कागदावर महार राहायचं की बौद्ध लिहायचं, हा प्रश्न उभा राहिला. केंद्राने कायदा बदलून बौद्धांना तो हक्क दिला 1990 मध्ये. आणि 2017 च्या सप्टेंबरात गंगाखेडहून फार दूर नसलेल्या लातुरात लिंगायतांचा मोठा मोर्चा निघाला. स्वतंत्र धर्म म्हणून मान्यता द्या, ही त्यांची मागणी होती. वेद मानतो की नाही, पुरोहित कोण, दफन की दहन, या मुद्द्यांवर समाजातच दोन बाजू पडल्या, आणि या वादात जे पुरावे मांडले गेले त्यांत जुन्या शिरगणतीच्या नोंदीही होत्या.