आठवण नसलेला दुखवटा

१३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात एक बंदूकधारी शिरला. बर्की हॉल नावाच्या इमारतीत आणि तिथून जवळच असलेल्या विद्यार्थी भवनात त्याने गोळ्या झाडल्या. तीन विद्यार्थी गेले, पाच जखमी झाले. १६ तारखेला दूर टेनेसी राज्यातल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी महाविद्यालयातील एका कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारा ई-मेल पाठवला. मजकूर संपल्यावर खाली कंसात एक बारीक ओळ होती. हा मजकूर चॅटजीपीटीच्या आधारे तयार केला आहे, असं तिच्यात सांगितलेलं होतं.

विद्यार्थी संतापले. त्यांच्यातल्या एकाची बहीण त्याच मिशिगनच्या विद्यापीठात शिकत होती. एकमेकांना धरून राहण्याविषयीचं पत्र लिहायला तुम्हाला स्वतः थोडा विचारही करवला नाही आणि ते काम तुम्ही संगणकावर टाकलंत, अशा आशयाचं तो बोलला. लगोलग कार्यालयाने माफी मागितली आणि संबंधित दोन अधिकारी काही काळ जबाबदारीतून बाजूला झाल्या.

ही घटना त्या कंसातल्या ओळीमुळे गाजली. पण ओळ क्षणभर झाकून नुसता मजकूर वाचावा. पहिल्याच वाक्यात मिशिगनमधल्या ‘गोळीबारांचा’ अनेकवचनी उल्लेख होता. प्रत्यक्षात त्या रात्रीची घटना एकच होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. पुढे सर्वसमावेशक वातावरण, परस्परांचा आदर, एकमेकांची काळजी अशी वाक्यं येत राहिली. त्यांतलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पण ‘मिशिगन’ हा शब्द काढला असता, तर तोच मजकूर कुठल्याही गावातल्या कुठल्याही दुर्घटनेनंतर पाठवता आला असता. तीन मुलं आपल्याच वयाची होती आणि त्यांतली दोन वर्गात गेली, एवढंही त्यात नव्हतं. त्या आठवड्यात स्वतःच्या वर्गात बसताना दाराकडे बघणाऱ्या मुलांना हेच हवं होतं.

असं का होतं, ते समजून घेणं अवघड नाही. चॅटजीपीटीसारखी ही यंत्रं प्रचंड मजकुरावर तयार झालेली असतात आणि आतापर्यंतच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, यावर वाक्य पुढे नेतात. ‘सहकाऱ्याच्या वडिलांचं निधन झालं, सांत्वनाचं पत्र लिही’ एवढंच आपण सांगितलं, तर त्या यंत्राजवळ त्या वडिलांविषयी दुसरं काहीच नसतं. मग जगातल्या बहुतेक वडिलांना लागू पडेल, असंच ते लिहितं. ‘आणखी जिव्हाळ्याने लिही’ म्हटलं, तर विशेषणं वाढतात किंवा न घडलेली आठवण रचली जाते. माहिती मात्र वाढत नाही, कारण ती आपण दिलेलीच नसते.

इथे कुणी विचारेल, की ठरावीक शब्द तर आपणही पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलो आहोत. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आपण जुळवलेली नसते. ‘ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो’ हे वाक्य आपल्या आधी हजारोंनी लिहिलेलं असतं. गटावर कुणाच्या निधनाची बातमी आली, की एकाखाली एक तेच दोन शब्द पडत जातात. ते पोकळ का वाटत नाहीत?

मला वाटतं, ते शब्द आपण जे नाहीत, ते असल्याचा दावा करत नाहीत म्हणून. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ म्हणजे उंबऱ्यापाशी चप्पल काढून दोन मिनिटं बसून जाणं. बातमी कळली, मान लवली, इतकंच त्यातून सांगायचं असतं आणि घरचे तेवढंच घेतात. यंत्राचं पत्र मात्र खास तुमच्यासाठी लिहिल्यासारखं दिसतं. त्यात तीन परिच्छेद असतात, ‘तुमच्या मनाची अवस्था मी समजू शकतो’ असं असतं, वडिलांच्या स्वभावाचं वर्णन असतं. एवढ्या जवळिकीनं बोलणारा माणूस काहीतरी ओळखीचं सांगेल, अशी वाचणाऱ्याची अपेक्षा आपोआप तयार होते, आणि पत्र संपेपर्यंत ती पुरी होत नाही. यंत्राने लिहिलंय हे त्याला कळलेलं नसेलही. पण पत्र वाचून झाल्यावर आपल्या माणसाविषयी काहीच वाचलं नाही, हे त्याला जाणवलेलं असतं.

एक उदाहरण कल्पून पाहू. एसटीचे एक निवृत्त चालक वारले. त्यांच्या मुलीला दोन पत्रं आली. पहिलं असं: ‘आपल्या वडिलांच्या निधनाची दुःखद वार्ता समजताच मन हेलावून गेले. त्यांचे प्रेमळ व्यक्तिमत्त्व, हसतमुख स्वभाव आणि कष्टाळू वृत्ती सदैव स्मरणात राहील. या कठीण प्रसंगी मी आपल्यासोबत आहे.’ दुसरं असं: ‘अकरावी-बारावीला मी काकांच्या सकाळी सातच्या गाडीने कॉलेजला जायचो. मला उशीर झाला, की ते फाट्यावर हॉर्न वाजवत थांबायचे. मी चढलो, की माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मला वाटायचं, चिडलेत. बारावीच्या पहिल्या पेपरला कंडक्टरकाकांनी सांगितलं, ‘तुझ्यासाठी गाडी दोन मिनिटं आधीच काढलीय, ड्रायव्हरसाहेबांनी सांगितलंय.’ मी त्यांच्याशी कधी नीट बोललो नाही. आज ते फार जाणवतंय.’

मुलगी पहिल्या पत्रात ‘हसतमुख’ या शब्दापाशी थांबेल. वडील हसतमुख नव्हते. अबोल होते, थोडे तापट होते. तो एक शब्द तिला सांगून जातो, की हे पत्र त्यांच्याविषयी नाही. दुसऱ्या पत्रातला न बघणारा माणूस मात्र तिचेच वडील आहेत. त्यात तिच्या ओळखीचा स्वभाव आहे आणि तिला ठाऊक नसलेली गोष्टही आहे. तिने वडील घरी पाहिले होते, सकाळी सातला फाट्यावर पाहिले नव्हते. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी नवं काही कळण्याची वाट बंद झाली, असं घरच्यांना वाटत असतं. अशी एक आठवण आली, की ती थोडी उघडते. भेटायला आलेली माणसं काही बोलू लागली, की घरातले रडणं थांबवून पुढे सरकून ऐकतात, ते याचसाठी.

आणखी एक फरक आहे. ‘कष्टाळू’ हा शब्द पडताळता येत नाही. सातची गाडी, फाटा, पहिला पेपर यांत मात्र चूक निघू शकते. मुलगी म्हणू शकते, ‘अरे, तेव्हा ते त्या मार्गावर नव्हतेच.’ खोटं ठरण्याची जोखीम लिहिणाऱ्याने घेतलेली असते, आणि वाचणाऱ्याला तिचं मोल न सांगता समजतं. गेलेल्या माणसाला आपण ओळखतच नसू, तर तेही लिहिता येतं: ‘तुझ्या बाबांना मी कधी भेटलो नाही, पण डब्यातली भाकरी अर्धी करून तू नेहमी ‘बाबांची सवय’ म्हणायचीस.’ एवढं पुरतं.

शब्द सुचत नाहीत, शुद्ध लिहिता येत नाही, म्हणून यंत्राची मदत घेणाऱ्यांना मी दोष देणार नाही. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसबाहेर कितीतरी वर्षं पत्रलेखक बसत आले. लिहिता न येणारी माणसं त्यांच्याकडून गावी पत्रं लिहून घेत. त्या पत्रांचं अक्षर दुसऱ्याचं असे, पुष्कळदा वाक्यंही त्याचीच. पण समोर बसलेला माणूस बोले तेव्हाच लेखणी चाले. म्हैस व्याली का, आईच्या डोळ्याचं काय झालं, धाकट्याची फी भरली का, हे सगळं सांगणाऱ्याचं असे. आज यंत्राला काहीच न सांगता पत्र मागता येतं, आणि ते देतंही. ज्याने सातच्या गाडीची गोष्ट त्याला सांगितली, त्याने खरं काम करून टाकलेलंच असतं. मग ऱ्हस्व-दीर्घ कुणी सुधारले, याने त्या मुलीला काही फरक पडणार नाही.

माफीच्या चिठ्ठीत मात्र प्रकरण अधिक गंभीर होतं. दुखवट्यात तपशील नसेल, तर पत्र रिकामं राहतं. माफीत तपशील नसेल, तर माफी मागितलेलीच नसते. भावाने विहिरीजवळचा आंबा बहिणीला न विचारता व्यापाऱ्याला तोडायला दिला, असं समजू. झाड त्यांच्या आईने लावलेलं. बहीण वर्षभर बोलली नाही. आता भाऊ यंत्राकडून चिठ्ठी करून घेतो: ‘प्रिय ताई, माझ्या वागण्यामुळे तुझ्या भावना दुखावल्या गेल्या असतील, तर मी मनापासून दिलगीर आहे. आपलं नातं माझ्यासाठी अनमोल आहे. झालं गेलं विसरून नवी सुरुवात करूया.’

या चिठ्ठीत आंबा नाही. ‘दुखावल्या गेल्या असतील, तर’ म्हटल्यामुळे काही घडलं की नाही, हेही ताईवरच सोडलेलं आहे. विसरायचंही तिनेच. यंत्राने लबाडी केलेली नाही. भावाने त्याला ‘बहिणीशी गैरसमज झालाय’ एवढंच सांगितलं असणार, आणि गैरसमजाला शोभेलशी चिठ्ठी त्याने दिली. आंब्याचं नाव घ्यायला भावालाच जड गेलं होतं.

त्याने स्वतः लिहिलं असतं, तर ते कदाचित असं झालं असतं: ‘ताई, विहिरीजवळचा आंबा मी तुला न विचारता विकला. नऊ हजार आले, ते मी ट्रॅक्टरच्या हप्त्याला घातले. तू फोनवर विचारलंस तेव्हा वाळला होता म्हणालो. तो वाळला नव्हता. त्या वर्षीही मोहोर आला होता. आईचं झाड होतं, निम्मं तुझं होतं. तुझे साडेचार हजार दिवाळीपर्यंत देतो. झाड परत आणता येणार नाही.’

झाड विकल्याचं ताईला आधीच माहीत होतं. वाळल्याचं खोटं होतं, अशी शंका तिला आली असेल, पण खात्री फक्त भावाजवळ होती. ‘तो वाळला नव्हता’ हे वाक्य कुठल्याही यंत्राला सुचणं शक्य नाही, कारण ते सुचवायचं, तर आधी भावाने ते कुणाजवळ तरी कबूल करायला हवं. कबूल केल्यावर ते टाइप कुणी केलं, हा प्रश्न उरत नाही. ताईने ही चिठ्ठी वाचून लगेच माफ करावं, असंही नाही. ती आणखी वर्षभर बोलणार नाही कदाचित. पण रागवायचं, पैसे घ्यायचे, की भांडायला घरी यायचं, हे ठरवायला आता तिच्यापुढे खरी गोष्ट आहे. गुळगुळीत चिठ्ठीने तिला तेवढंही दिलं नव्हतं.