पाहुण्याची कृतज्ञता

महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठागौरी, आमच्या कुळात काकांच्या घरी इंदूरला बसतात. आम्ही पाच जण भोपाळहून दरवर्षी जातो. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. विसर्जनाच्या संध्याकाळी बाबा काकांच्या हाती पाकीट देतात, आई काकूंना साडी देते, काकू "कशाला परकं करता?" म्हणतात आणि आम्ही गाडी पकडतो. मी घरी पोहोचल्यावर कुटुंबाच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांचं चित्र टाकत असे. आपण आभार मानले, असंच मला वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी पूजनाच्या पहाटे मला साडेचारला जाग आली. काकू न्हाऊन सोवळ्यात होत्या आणि पुरण वाटत होत्या. हरभऱ्याची डाळ गुळात शिजल्यावर पुरण गरम असतानाच वाटावं लागतं, गार झालं की ते घट्ट होतं आणि हाताला जास्त जोर लागतो. पुढे सोळा भाज्या, कढी, आंबील आणि पुरणपोळ्या व्हायच्या होत्या. फुलोऱ्याच्या करंज्या-साटोऱ्या आधल्या आठवड्यातच तळून झाल्या होत्या. मी पाणी प्यायला उठलो होतो, पण मदत करू म्हटलं तरी पारोशाने त्या स्वयंपाकाला हात लावता येत नाही.

पण हे काम तर देवीचं. आम्ही नसतो तरी काकूंनी ते केलंच असतं. मग आमच्यामुळे वाढलेलं काम कोणतं? मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे असेल, पण असा फरक काढायची सवय आहे. त्या दिवशी लक्ष ठेवलं. काकूंकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तरी पाच जास्तीच्या माणसांच्या आंघोळी झाल्या, कारण त्यांनी दोन पिंपं आदल्या रात्रीच भरून ठेवली होती. गाद्या शेजारून आल्या होत्या आणि त्यांचे अभ्रे धुतलेले होते. आजीला रक्तदाब आहे म्हणून तिची कढी बेताच्या मिठाची, वेगळी होती. यातलं काहीही कोणी आम्हाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांची पंगत उठल्यावर काकू जेवायला बसल्या, तेव्हा पोळ्या गार झाल्या होत्या.

अतिथी शब्दाची फोड 'ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो' अशी सांगतात. त्या अर्थाने आम्ही अतिथी नाहीच. आमचा दिवस पंचांगात छापलेला असतो. अवचित आलेल्याला यजमानाचे कष्ट आधी कळणं शक्य नसतं. आम्हाला वर्षभर आधी कळू शकत होतं.

"साक्षात अन्नपूर्णा आहात" असं आपण सहज म्हणतो. त्यात खोटं काही नाही, पण अन्नपूर्णेच्या टाचा दुखत नाहीत, तिची झोप होत नाही असं नसतं. असं म्हटल्यावर समोरच्या बाईचा थकवा दिसेनासा होतो. पाकिटाचंही तसंच. देणं गैर नाही, पण दिल्यावर आपल्याला हलकं वाटतं, जणू खातं चुकतं झालं. आणि ते जातं काकांच्या हाती.

मग काकूंना नेमकं सांगायचं ठरवलं. इथे मी एक चूक करणार होतो. सर्वांसमोर यादी वाचून दाखवायची, असं मनात होतं. आईने थांबवलं. म्हणाली, "अरे, पाहुण्याला जड वाटू नये म्हणून तिने जे झाकलं, ते तू चारचौघांत उघडं करणार?" तिचं बरोबर होतं. यजमानाने लपवलेले कष्ट हेसुद्धा त्याचं देणंच असतं.

म्हणून काकू एकट्या असताना इतकंच म्हणालो, "काकू, पिंपं तू रात्रीच भरून ठेवलीस म्हणून आमच्या आंघोळी झाल्या. आजीची कढीही लक्षात ठेवलीस."

काकू क्षणभर थांबल्या. "परकं करतोस" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पाणी तू भर. आणि त्याच रात्री पळू नका."

दुसरं वाक्य मला गेल्या वर्षी कळलं, जेव्हा मी आणि बाबा विसर्जनानंतर एक दिवस राहिलो. मुखवटे पुसून कापसात गुंडाळायचे, साड्या उतरवून वाऱ्यावर टाकून घड्या घालायच्या, फुलोरा वाटून द्यायचा, चिंचेने तांब्या-पितळेची भांडी घासायची, शेजारच्या गाद्या परत करायच्या. यातल्या कशालाही सोवळं लागत नाही. दरवर्षी आम्ही गाडीत बसलेलो असायचो तेव्हा काकू हे एकट्या करत होत्या.

भांडी बाबांनी घासली. एक घंगाळ काकूंनी पुन्हा घासायला लावलं. यंदा पाकीट बाबांनी काकूंच्या हाती दिलं, तेव्हा त्यांनी ते काकांकडे न देता कमरेला खोचलं आणि विचारलं, "पुढच्या वर्षी आवाहनाच्या आदल्या दिवशीच येताय ना? पाणी त्या रात्री येतं."

आम्ही त्या दिवसाची तिकिटं काढली आहेत.