लाखाला हजार



काही महिन्यांपूर्वी जुम्याच्या नमाजनंतर आमच्या जमातीतील एक गृहस्थ माझ्यासाठी मागे थांबले. कोकणातील वडिलोपार्जित जमिनीच्या विक्रीतून त्यांच्या वाट्याला बारा लाख रुपये आले होते, आणि मुंब्र्यात कुटुंबासाठी दोन खोल्यांचे घर त्यांना घ्यायचे होते. घरमालकाने दोन पर्याय दिले होते. पहिल्यात एक लाख डिपॉझिट आणि महिना पंधरा हजार भाडे. दुसऱ्यात बारा लाख डिपॉझिट आणि महिना फक्त चार हजार भाडे. दलालाने त्यामागचे गणितही सांगून टाकले होते : जादा प्रत्येक लाखाला भाड्यातील हजार रुपये कमी. ते गृहस्थ म्हणाले, “इमामसाहेब, घर सोडताना सगळे पैसे परत मिळणार आहेत. मग यात आपले जाते काय?”

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. मुंबई, मुंब्रा, भिवंडी येथे राहणाऱ्या आपल्या कितीतरी कुटुंबांनी ‘हेवी डिपॉझिट’वर घर घेतलेले आहे, आणि बहुतेकांनी ते सद्हेतूनेच घेतले आहे. म्हणून या प्रश्नाकडे सावकाश पाहू या.

आपण या रकमेला ‘अनामत’ म्हणतो. अनामत म्हणजे ठेव. ज्याच्याकडे ठेवली त्याने ती हात न लावता सांभाळायची आणि मागताच जशीच्या तशी परत द्यायची. हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांच्याकडे लोक विश्वासाने पैसे ठेवायला येत. ते म्हणत, ही अनामत म्हणून नको, कर्ज म्हणून ठेवा. कारण ती नष्ट होण्याची मला भीती वाटते. सहीह बुखारीत ही हकीकत सविस्तर आली आहे. अनामत निष्काळजीपणा नसताना नष्ट झाली तर सांभाळणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येत नाही. कर्ज मात्र कोणत्याही स्थितीत फेडावेच लागते. त्यांच्या शहादतीच्या वेळी अशा देण्यांची बेरीज 22 लाखांवर गेली होती. त्यांचे पुत्र हजरत अब्दुल्लाह (रजि.) यांनी ती फेडली, आणि वारसांना वाटणी देण्यापूर्वी चार वर्षे हजच्या मोसमात जाहीर पुकारा केला की ज्याचे देणे राहिले असेल त्याने यावे.

आता आपल्या घरमालकाकडे पाहा. तो बारा लाख कपाटात ठेवणार आहे काय? तो त्यातून दुसरी खोली घेईल, मुलीचे लग्न करील, धंद्यात घालील. तशी त्याला मुभा आहे, आणि रक्कम परत देण्याची जबाबदारीही त्याच्यावर आहे. म्हणजे व्यवहाराचे नाव काहीही असो, भाडेकरूने त्याला बारा लाखांचे कर्ज दिले आहे. आणि कर्ज दिल्याबद्दल दरमहा अकरा हजारांची सवलत ठरवून घेतली आहे.

या सवलतीचे नाव काय? अकरा लाख जादा देऊन वर्षाला 1,32,000 रुपये वाचतात. हे वर्षाला नेमके 12 टक्के झाले. ‘लाखाला हजार’ ही दलालाची भाषा आणि ‘शेकडा एक महिना’ ही सावकाराची भाषा, यांत आकड्याचा काहीच फरक नाही. कर्जाच्या अटीतून कर्ज देणाऱ्याला जो लाभ मिळतो तो व्याजात मोडतो, हे फुकहांचे सर्वपरिचित सूत्र आहे. हजरत अब्दुल्लाह बिन सलाम (रजि.) यांनी तर इराकसारख्या, व्याज बोकाळलेल्या प्रदेशात राहणाऱ्या माणसाला बजावले होते की तुमच्या कर्जदाराने गवताचा किंवा जवाचा भारा भेट म्हणून आणला तरी घेऊ नका. तेथे भारा होता, येथे महिन्याचे अकरा हजार आहेत, आणि तेही करारात लिहून.

कोणी म्हणेल, मौलवी लोक प्रत्येक गोष्टीत व्याज शोधतात. मग सरकारी हिशेब पाहा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क आकारताना परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरले जाते, ते भाड्याच्या रकमेत मिळवले जाते, आणि एकूण रकमेवर 0.25 टक्के शुल्क लागते. आपल्या उदाहरणात एका वर्षासाठी पहिल्या पर्यायाची रक्कम 1,80,000 अधिक 10,000, म्हणजे 1,90,000 रुपये होते. दुसऱ्याची 48,000 अधिक 1,20,000, म्हणजे 1,68,000. शुल्क अनुक्रमे 475 आणि 420 रुपये. ज्यांचा फिकहशी काही संबंध नाही त्या कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक आहे की पडून असलेल्या डिपॉझिटला मोल असते आणि ते भाड्याची जागा घेते.

येथे आपल्या हाती एक उपयुक्त प्रश्न येतो. परत मिळणारी रक्कम ‘फुकट’ नसेल, तर ती अडकून राहिल्याने आपण काय गमावतो? बँकेचा माणूस याचे उत्तर मुदत ठेवीच्या व्याजदराने देईल. आपल्यासाठी तो मापदंडच नाही, कारण जे घेण्याची परवानगी नाही ते गमावले असे म्हणता येत नाही. आपला मापदंड हलाल धंद्यातील नफा हा आहे, आणि तो आधी ठरलेला नसतो.

त्या गृहस्थांचे मेहुणे फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना चालवतात आणि भागीदाराच्या शोधात होते. आम्ही कागद घेऊन बसलो. समजा, पूर्ण भाडे देऊन उरलेले अकरा लाख तेथे भागीदारीत घातले आणि वर्षाला 8 टक्के नफा झाला. मिळाले 88,000. जादा भाडे गेले 1,32,000. म्हणजे वर्षाला 44,000 रुपयांची तूट. मी त्यांना हे लपवले नाही, तुम्हालाही लपवणार नाही. केवळ आकडे पाहिले तर हेवी डिपॉझिट वरचढ ठरते, आणि म्हणूनच ते इतके पसरले आहे. ज्या उत्पन्नात तोट्याची शक्यताच ठेवलेली नाही, ते जोखीम घेणाऱ्या उत्पन्नापेक्षा कागदावर देखणे दिसणारच.

पण त्या कागदावर जकात मांडायची राहिली होती. डिपॉझिट हे आपले येणे आहे. त्यावरील जकात कोणी व केव्हा द्यावी याविषयी उलमांत मतभेद आहेत. परंतु जे त्याला कर्ज मानतात त्यांच्या मते भाडेकरूवर दरवर्षी अडीच टक्के लागतात. अकरा लाखांवर हे 27,500 रुपये होतात. कारखान्यात मात्र सहा लाखांची यंत्रे घेतली आणि पाच लाख कच्चा माल व रोख यांत राहिले, तर यंत्रांवर जकात नाही. उरते ती 12,500. हा 15,000 चा फरक वजा केला की तूट 29,000 वर येते, म्हणजे महिन्याला अडीच हजारांच्या आत. हजरत उमर (रजि.) यांनी अनाथांचे धन व्यापारात लावण्यास सांगितले होते, जेणेकरून जकात ते खाऊन टाकू नये. पडून राहिलेल्या मालाची किंमत त्यांनी किती नेमकी ओळखली होती!

तुटीच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक गोष्ट आहे, तिचा आकडा मांडता येत नाही. मालकाने पैसे खर्च केलेले असतात. आपण घर सोडायला निघालो की तो म्हणतो, नवी पार्टी येऊ द्या, तिचे डिपॉझिट आले की तुमचे देतो. भाडी उतरलेली असली तर नवी पार्टी बारा लाख देत नाही, आणि आपण घरातही राहू शकत नाही, बाहेरही पडू शकत नाही. त्या घरावर बँकेचे कर्ज असेल आणि हप्ते थकले असतील, तर बँकेचा हक्क आपल्या आधी उभा राहतो. धोक्याची एक खूण मी नेहमी सांगतो : मालक जर म्हणाला की करारात दोनच लाख दाखवू, बाकीचे रोखीने द्या, तर तेथून उठावे. सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत देण्याघेण्याचा लेख करण्याचा जो आदेश आहे तो अशाच प्रसंगासाठी आहे. साधे एक लाखाचे डिपॉझिटसुद्धा बँकेतून द्यावे आणि नोंदणीकृत करारात पुरते लिहून घ्यावे.

भागीदारीतही डोळे उघडे हवेत. नफ्याचा हिस्सा ठरवावा, रक्कम नव्हे. ‘दरमहा लाखामागे इतके हमखास देतो’ असे म्हणणारी हलाल नावाची योजना दिसली, तर ती तीच लाखाला हजारची गोष्ट टोपी घालून आलेली आहे. 2019 मध्ये बंगळुरूत अशा एका योजनेत हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी बुडाली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे.

कागद मिटण्यापूर्वी मी त्यांना आणखी एक वाट सुचवली. मालकाला एकरकमी पैसे हवे आहेत आणि आपल्याला भाडे कमी हवे आहे. या दोन्ही गरजा खऱ्या आहेत. मग तीन वर्षांचे भाडे आगाऊ द्यावे आणि त्या बदल्यात दर कमी करून घ्यावा. हे कर्ज नाही. घराच्या वापराची किंमत आहे, ती आधी दिली इतकेच. ती रक्कम मालकाची होते, परत येत नाही, आणि मुदतीपूर्वी दोघांच्या संमतीने घर सोडले तर न वापरलेल्या महिन्यांचे भाडे तेवढे परत मिळते. पंधरा हजारांऐवजी साडेबारा हजार ठरले तर छत्तीस महिन्यांचे साडेचार लाख होतात. नव्वद हजार वाचतात, आणि त्यात निषिद्ध काही नाही. साधे डिपॉझिट एक लाख धरून साडेपाच लाख घरासाठी गेले, साडेसहा लाख कारखान्यासाठी उरले.

ते मालकाकडे परत गेले. मालक तेरा हजारांच्या खाली आला नाही, आणि तीनऐवजी दोनच वर्षांचे आगाऊ भाडे घ्यायला तयार झाला. यांनी ते मान्य केले. करार गेल्या महिन्यात नोंदवला गेला, आणि मेहुण्यांबरोबरच्या भागीदारीचा कागद मी स्वतः वाचून पाहिला. त्यात पहिल्या मसुद्यात ‘किमान सहा हजार दरमहा’ असे एक वाक्य होते. ते आम्ही खोडले.