अडुसष्ट गुणांचा खुलासा

१९६४ साली स्थापन झालेल्या रायपूरच्या रविशंकर विद्यापीठातून एम.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रकावर शेकडा ६८ गुण असले, तर तात्यापाऱ्यातील त्याच्या मराठी घरात त्या आकड्याचा खुलासा कोणी मागत नाही. साठाच्या वर प्रथम श्रेणी, हे तेथे सर्वश्रुत आहे. तोच कागद इंग्लंडात पोहोचला की, तेथे प्रथम वर्ग सत्तरापासून सुरू होत असल्याने, वाचणारा तो वरच्या द्वितीय वर्गाचा समजण्याचा संभव असतो. आणि अमेरिकेत, जेथे शाळेपासून नव्वदीच्या खाली उत्कृष्टता मानण्याची सवय नाही, तेथे अडुसष्ट म्हणजे जेमतेम उत्तीर्ण असा ग्रह होऊ शकतो. आकडा सर्वत्र एकच राहतो. बदलते ते त्याच्या मागचे माप. म्हणून प्रवेशासाठी लिहावयाच्या निवेदनात जे लहानसे संदर्भ-टिपण जोडता येते, त्याचे कार्य गुणांचे रूपांतर करणे हे नसून ते माप परीक्षकांच्या हाती देणे हे आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

रूपांतराचा मोह किती घातक ठरतो, हे पाहण्यास फार दूर जावे लागत नाही. पंचविसाने भागून अडुसष्टाचे २.७२ करणारा विद्यार्थी, जेथे चारांपैकी किमान तीनांची अट असते, तेथे आपल्याच हाताने अपात्र ठरतो. वास्तविक भारतीय गुणपत्रकांचा अभ्यास असलेल्या मूल्यांकन-संस्था प्रथम श्रेणीला याहून बऱ्याच वरचे स्थान देतात. उलट दिशेचा प्रमादही तितकाच रूढ आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीच्या श्रेणी-गुणांना साडेनऊने गुणण्याची जी रीत घालून दिली होती, ती त्या मंडळाच्या अत्युच्च श्रेणीतील विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष गुणांच्या सरासरीवरून निघालेली होती. तीच रीत एखाद्या विद्यापीठाच्या दहा-गुणी श्रेणीला लावणे म्हणजे एका कचेरीचा हुकूम दुसऱ्या कचेरीत चालविणे होय.

जर्मनीतील उदाहरण अधिक उद्बोधक आहे. तेथील पुष्कळ विद्यापीठे सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात : कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करावेत, त्या बाकीला कमाल व किमान उत्तीर्ण गुणांच्या अंतराने भागावे, आलेल्या भागाकाराला तिनाने गुणून त्यात एक मिळवावा, उत्तर एक आले तर सर्वोत्तम, चार आले तर काठावरचे. किमान मर्यादा ३६ धरली, तर अडुसष्टाचे उत्तर २.५ येते, ४० धरली, तर २.६. परंतु कमाल म्हणून शंभराऐवजी त्या परीक्षेत कोणासही प्रत्यक्ष मिळालेले सर्वोच्च गुण, समजा ८०, धरले, तर ३६ च्या मर्यादेवरचे तेच उत्तर १.८ होते. हा बदल करण्याचा अधिकार अर्जदाराचा नाही. सूत्रात कोणता कमाल आकडा घालावयाचा, हे ज्या-त्या विद्यापीठाने ठरवावे. मात्र ज्या विषयात ऐंशीच्या वर कोणी जात नाही, तेथे वरच्या वीस गुणांची जागा रिकामीच असते, ही वस्तुस्थिती परीक्षकांपुढे ठेवण्याचा अधिकार अर्जदाराचा आहे, आणि टिपणाची खरी उपयुक्तता येथेच आहे.

असे टिपण चार वाक्यांत मावते. पहिल्यात मूळ गुण, जसे गुणपत्रकात आहेत तसेच. दुसऱ्यात उत्तीर्णतेची मर्यादा व प्रथम श्रेणीचा आरंभ, विद्यापीठाच्या नियमाचा हवाला देऊन. तिसऱ्यात त्या वर्षीच्या वर्गातील आपला क्रमांक, परीक्षार्थींची संख्या व सर्वोच्च गुण. आणि चौथ्यात हा तपशील कोणत्या दाखल्यावरून घेतला याचा निर्देश. तिसरे वाक्य सर्वांत मोलाचे असते आणि सर्वांत जास्त घोटाळा तेथेच होतो. वर्गात बाराच विद्यार्थी असताना केवळ ‘तिसरा क्रमांक’ एवढेच लिहिणे हे असत्य नसले तरी प्रामाणिकही नव्हे, कारण दोनशेतील तिसरा आणि बारांतील तिसरा यांचे वजन भिन्न असते. क्रमांकाचा अधिकृत दाखला उपलब्ध नसेल, तर अनुमानाने आकडा घालण्यापेक्षा विभागप्रमुखांना शिफारसपत्रात तो नमूद करण्याची विनंती करावी; अर्जदाराच्या लेखणीतून जी आत्मप्रौढी वाटते, ती त्यांच्या स्वाक्षरीखाली साक्ष ठरते.

एक मर्यादा मात्र काटेकोरपणे पाळावी. ‘आमच्याकडे गुण फार काटकसरीने देतात’ असे वाक्य तक्रारीसारखे वाचले जाते, आणि ते पडताळून पाहण्याचे साधन परदेशातील समितीजवळ नसते. सर्वोच्च गुण ८० होते, हे वाक्य तेच सांगते, आणि त्याचा दाखला मागता येतो. एखाद्या सत्रातील आजारपण किंवा घरची अडचण यांचा मजकूर या टिपणात मिसळू नये. कारण माप समजावून सांगणे आणि सवलत मागणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि ती एकत्र आली की पहिल्यावरचा विश्वासही डळमळतो. जेथे अर्जाच्या नमुन्यात मूळ प्रमाणातच गुण भरण्याची सूचना असते, तेथे तर स्वतः केलेले रूपांतर नियमभंगच ठरते. निर्णय समितीचा, तो योग्य मापाने व्हावा एवढीच तजवीज अर्जदाराने करावयाची असते.